महिन्यांचे क्रमांक आणि शेतीचा हंगाम: पाणलोट प्रस्तावांतील वेळापत्रकाचा आढावा

पाणलोट विकासासाठी निधी मागणाऱ्या प्रस्तावात गावाची माहिती, पावसाची आकडेवारी आणि अंदाजपत्रक यांवर संस्था बरीच मेहनत घेतात. कामाचा आराखडा आणि वेळापत्रक मात्र शेवटी लिहिले जाते. अनेकदा मागच्या प्रस्तावातला बारा रकान्यांचा तक्ता तसाच उचलला जातो आणि त्यावर दोन परिच्छेदांचे निवेदन चढवले जाते. प्रस्ताव तपासणारा जाणकार असेल, तर त्याचे बोट नेमके तिथेच थांबते. हे काम या काळात होईल का, कोणते काम कशासाठी अडून राहील आणि ते अडले तर संस्था काय करेल, हे त्याला त्या दोन परिच्छेदांतून समजून घ्यायचे असते.

असे निवेदन पुन्हा लिहून विश्वासार्ह कसे करावे, यावर नियोजनशास्त्रात, निधी देणाऱ्यांमध्ये आणि गावपातळीवर काम करणाऱ्यांमध्ये बरीच चर्चा झाली आहे. तिच्यात एकमत नाही. महाराष्ट्रातील पाणलोटाची कामे समोर ठेवून ही चर्चा आज कुठे उभी आहे, हे येथे पाहायचे आहे. पाणलोट निवडण्याचे कारण सरळ आहे. या कामात एका टप्प्याचे दुसऱ्यावरचे अवलंबून असणे जमिनीवर स्पष्ट दिसते आणि पाऊस कोणाच्याही वेळापत्रकासाठी थांबत नाही.

पार्श्वभूमी

आज प्रस्तावांत दिसणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता हेन्री गॅन्ट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो कारखान्यांमध्ये रूढ झाला. कोणते काम कधी चालू आहे हे त्यातून एका नजरेत कळते, पण त्याच्या मूळ रूपात एक काम दुसऱ्यावर कसे अवलंबून आहे हे कळत नाही. ती उणीव १९५० च्या दशकाच्या अखेरीस भरून निघाली. ड्यूपाँ कंपनीने रेमिंग्टन रँडच्या साहाय्याने १९५७ मध्ये ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत विकसित करायला घेतली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही पद्धत आणली. कोणत्या साखळीतील विलंबामुळे संपूर्ण प्रकल्प लांबतो, हे शोधणे हा या दोन्हींचा गाभा होता. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या संस्थेसाठी लॉगफ्रेमचा तक्ता तयार झाला. त्यात प्रत्येक पातळीसमोर ‘गृहीतके’ लिहिण्याचा रकाना होता. आपल्या हाताबाहेरच्या कोणत्या गोष्टी घडल्या तरच हे काम पुढे सरकेल, हे कागदावर यावे, असा त्यामागचा हेतू होता.

भारतातील पाणलोट कार्यक्रमांनी हाच प्रश्न स्वतःच्या मार्गाने हाताळला. नाबार्ड आणि वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट यांच्याशी निगडित इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आधी क्षमताबांधणीचा टप्पा आणि त्यानंतर पूर्ण अंमलबजावणीचा टप्पा अशी विभागणी होती. गावाने श्रमदान करून, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करून तयारी दाखवायची, छोट्या क्षेत्रावर काम करून पाहायचे आणि मगच मोठा निधी, असा तो क्रम होता. केंद्र सरकारच्या २००८ च्या सामाईक मार्गदर्शक सूचनांनीही प्रकल्पाचे तीन टप्पे केले: पूर्वतयारीसाठी एक ते दोन वर्षे, कामांसाठी दोन ते तीन वर्षे आणि बळकटीकरण व माघार यांसाठी एक ते दोन वर्षे. म्हणजे एकूण कालावधी चार ते सात वर्षांचा. २०२१ च्या नव्या सूचनांनी तो तीन ते पाच वर्षांवर आणला. किती वेळ पुरेसा, हा वाद अधिकृत कागदपत्रांतही सुरूच आहे, हे यावरून दिसते.

दरम्यान निधीचा एक नवा स्रोत पुढे आला. कंपनी कायद्याचे कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि सीएसआरचा पैसा मोठ्या प्रमाणावर पाणलोटाच्या कामांकडे वळला. हा पैसा आर्थिक वर्षाच्या चौकटीत चालतो. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता घेतली, तर सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम नेता येते. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते. ही सोय असूनही बारा महिन्यांचे प्रस्ताव लिहिण्याची सवय गेलेली नाही. वेळापत्रकातील बऱ्याच अडचणींचे मूळ एप्रिल ते मार्च हे वर्ष आणि जून ते मे हे शेतीचे वर्ष यांच्या न जुळण्यात आहे.

रूढ निवेदनात चूक कुठे असते

नमुन्यादाखल बीड जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावासाठी लिहिलेला, ५०० हेक्टरांचा आराखडा घेऊ. त्यातले निवेदन साधारण असे असते: “पहिल्या महिन्यात कर्मचारी नेमणूक व ग्रामसभा, दुसऱ्यात पायाभूत सर्वेक्षण, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सलग समतल चर व बांधबंदिस्ती, सातव्या व आठव्या महिन्यात सिमेंट नाला बंधारे, नवव्या महिन्यात वृक्षलागवड, दहाव्या व अकराव्या महिन्यात पाणलोट समितीचे प्रशिक्षण, बाराव्या महिन्यात मूल्यमापन.”

वाचताना सगळे ओळीत वाटते. पण महिन्यांच्या क्रमांकांवर कॅलेंडर ठेवून पाहावे. प्रकल्प १ एप्रिलला सुरू झाला, तर तिसरा ते सहावा महिना म्हणजे जून ते सप्टेंबर. शेतात खरिपाची पिके उभी असताना बांधबंदिस्ती होणार नाही. सातवा आणि आठवा महिना म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. चांगला पाऊस झाला असेल तर नाला तेव्हा वाहता असतो आणि बंधाऱ्याचा पाया खोदता येत नाही. वृक्षलागवड डिसेंबरमध्ये येते, तेव्हा रोपांना पावसाचा आधार नसतो. समितीला कामावर देखरेख करायची असते, पण तिचे प्रशिक्षण कामे संपल्यावर ठेवलेले आहे. सर्वांत मोठी चूक शेवटच्या ओळीत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बांधलेल्या बंधाऱ्याने मार्चपर्यंत एकही पावसाळा पाहिलेला नसतो. मग मूल्यमापनात मोजायचे काय?

आता हाच तक्ता पाच महिने पुढे सरकवा, कारण मंजुरीचे पत्र आणि पहिला हप्ता बहुधा एप्रिलमध्ये येत नाहीत. पैसे सप्टेंबरमध्ये आले, तर चर आणि बांधबंदिस्ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येतात. जमिनीच्या दृष्टीने हा काळ चांगला आहे. पण बीडमधून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्यांच्या शेतात बांध घालायचे आणि ज्यांच्या हातांवर काम चालायचे, ते दोघेही तेव्हा गावात नसतात. बंधाऱ्यांना मार्च-एप्रिल मिळतो आणि तो त्यांना मानवतो. लागवड मात्र भर मे महिन्यात येते. तात्पर्य असे, की क्रमांकांनी लिहिलेले वेळापत्रक सुरुवातीची तारीख बदलताच दुसरेच होते आणि हा फरक निवेदन वाचणाऱ्याला दिसत नाही.

दुसरी चूक अवलंबून असण्याच्या नात्यांची आहे. वरच्या निवेदनात कामे एकामागून एक मांडली आहेत, पण एक काम दुसऱ्याची अट आहे की फक्त त्याच्या आधी येते, हे कळत नाही. पाणलोटात ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व खरी अट आहे. माथ्यावरचे चर आणि मधल्या उतारावरचे बांध होण्याआधी खाली नाल्यात बंधारा घातला, तर पहिल्याच जोरदार पावसात वरची माती वाहून येते आणि साठा गाळाने भरतो. दिवाळीनंतर बंधाऱ्यात पाण्याऐवजी गाळाचा थर दिसला, की क्रम चुकल्याची दाट शंका घ्यावी. सर्वेक्षण आणि बांधबंदिस्ती यांच्यातले नातेही असेच आहे. गटवार पाहणी झाल्याशिवाय बांधाची लांबी ठरत नाही आणि शेतकऱ्याची लेखी संमती मिळाल्याशिवाय बांध पडत नाही. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील आणि त्यांतला एक पुण्यात राहत असेल, तर ती सही एका आठवड्यात मिळेलच असे नाही. याउलट रोपवाटिका आणि बंधाऱ्याचे बांधकाम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती दोन्ही कामे शेजारी चालू शकतात.

तीन भूमिका

वेळापत्रक विश्वासार्ह कसे करावे, यावर आज मुख्यतः तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका तपशिलाची आहे. निधी देणाऱ्या अनेक संस्थांना ती पसंत आहे. प्रत्येक कामाचा महिना, जबाबदार व्यक्ती आणि पूर्ततेचा पुरावा लिहिला, की उत्तरदायित्व ठरते आणि पुढचा हप्ता कशावर सोडायचा हेही ठरते, असा तिचा युक्तिवाद आहे. यात तथ्य आहे. तपशील लिहायला बसल्याशिवाय अनेक अडचणी लक्षातच येत नाहीत. या भूमिकेची मर्यादा अशी, की दुसऱ्या वर्षातील मे महिन्याच्या कामांचा आजच लिहिलेला तपशील बहुतेक वेळा अंदाजच असतो. तो कराराचा भाग झाला, की संस्थेचे कर्मचारी पावसाकडे कमी आणि तक्त्याकडे जास्त पाहू लागतात.

दुसरी भूमिका लवचीकतेची आहे. मॅट अँड्र्यूज, लँट प्रिचेट आणि मायकेल वूलकॉक यांनी गेल्या दशकात समस्येपासून सुरुवात करून, छोटे प्रयोग करत, शिकत पुढे जाण्याची पद्धत मांडली. त्यांचे लेखन मुख्यतः सरकारी यंत्रणांच्या सुधारणांविषयी आहे, पण त्याचा प्रभाव विकासकामांच्या नियोजनावरही पडला. या विचारानुसार पोहोचायचे कुठे हे पक्के ठरवावे, नजीकचा टप्पा तपशिलाने लिहावा आणि पुढचे टप्पे ढोबळ ठेवून ठरावीक वेळी त्यांचा फेरविचार करावा. क्षमताबांधणीच्या वेगळ्या टप्प्याची पाणलोटातील पद्धत या विचाराशी जुळते आणि ती त्याच्या बरीच आधीची आहे. या भूमिकेवर आक्षेप असा घेतला जातो, की ‘लवचीक’ या शब्दाखाली न केलेले नियोजनही खपून जाते. फेरविचार कधी, कोणत्या माहितीवर आणि कोण करणार, हे लिहिलेले नसेल तर हा आक्षेप रास्त ठरतो.

तिसरी भूमिका पूर्वानुभवाच्या आकड्यांची आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनातील भ्रमाकडे लक्ष वेधले. माणूस स्वतःच्या कामाच्या वेळेचा अंदाज त्या कामाच्या आतून बांधतो आणि तशाच इतर कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला हे विचारात घेत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल हे विचारले. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. सगळे बिघडले तर किती दिवस लागतील, याचे उत्तर सरासरी ४८.६ दिवस आले. प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला, ही यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. बेंट फ्लिव्हब्यर्ग यांनी मोठ्या बांधकाम प्रकल्पांसाठी याच विचारातून एक पद्धत रूढ केली. त्या पद्धतीत आधी तशाच झालेल्या प्रकल्पांचा प्रत्यक्ष कालावधी पाहून मगच नव्याचा अंदाज बांधतात. या भूमिकेची अडचण माहितीची आहे. जुन्या कामांच्या खऱ्या तारखा छोट्या संस्थांकडे नीट नोंदवलेल्या नसतात. अहवालात ‘वेळेत पूर्ण’ असे लिहिलेले असते आणि खरा विलंब मुदतवाढीच्या पत्रव्यवहारात राहून जातो.

वेळेत राखीव जागा किती आणि कुठे ठेवायची, हाही या तिन्ही भूमिकांतील एक वादाचा मुद्दा आहे. प्रत्येक कामात थोडा थोडा जास्त वेळ धरणे ही सर्वसाधारण रीत आहे. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये याला पर्याय सुचवला: प्रत्येक कामातला राखीव वेळ काढून साखळीच्या शेवटी एकत्र ठेवावा, कारण कामाला मिळालेला जादा वेळ काम चालू असतानाच संपून जातो. पाणलोटाला हा सल्ला अर्धाच लागू पडतो. साखळीच्या शेवटी ठेवलेले दोन महिने जून-जुलैमध्ये पडत असतील, तर खोदकामासाठी त्यांचा काही उपयोग नाही. येथे राखीव वेळ हंगामाच्या आत, म्हणजे पावसाआधीच हवा.

त्याच आराखड्याचे पुनर्लेखन

या तिन्ही भूमिकांतील उपयोगी भाग घेऊन बीडमधील तोच आराखडा पुन्हा कसा लिहिता येईल, ते पाहू. पहिला बदल कालावधीचा करावा लागतो. मे महिन्यातली विहिरींची पातळी, त्यानंतरचा एक पावसाळा आणि पुढच्या वर्षीचा मे, एवढे हाताशी आल्याशिवाय परिणाम सांगता येत नाही. म्हणून प्रकल्प सप्टेंबरमध्ये सुरू होत असेल, तर तो किमान दुसऱ्या वर्षीच्या मे-जूनपर्यंत, म्हणजे बावीस महिने तरी चालायला हवा. सीएसआरच्या भाषेत तो ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडावा लागेल आणि हे निवेदनाच्या पहिल्याच वाक्यात आले पाहिजे.

दुसरा बदल सुरुवातीच्या अटीचा. “पहिला महिना” न लिहिता असे लिहावे: “पहिला हप्ता सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मिळेल असे धरले आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाणलोट समितीची निवड व चराईबंदीचा ठराव घेतला जाईल. ग्रामसभा तहकूब झाल्यास ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विशेष ग्रामसभा घेतली जाईल. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या संमती ती गावात असतानाच, म्हणजे दिवाळीआधी घेतल्या जातील.” महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या प्रचलित तारखा आहेत. ठराव त्यांच्याशी बांधला, की तपासणाऱ्याला ही माणसे गाव ओळखतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा बदल कामाच्या प्रमाणाचा हिशेब दाखवण्याचा आहे. समजा, माथ्यावरच्या गायरानात १०,००० मीटर चर खोदायचे आहेत. चराची रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर धरली, तर मीटरमागे ०.१८ घनमीटर, म्हणजे एकूण १,८०० घनमीटर खोदकाम होते. संस्थेच्या मागच्या नोंदींत अशा मुरमाड जमिनीत माणशी दिवसाला दीड घनमीटर काम निघाले असेल, तर १,२०० मनुष्यदिवस लागतील. कागदावर ४० मजूर धरले, की ३० दिवसांत काम संपते. पण ऊसतोडीच्या काळात गावात २५ मजूरच मिळत असतील, तर तेच काम ४८ दिवस घेते आणि आठवडी बाजाराची सुट्टी धरली की ते आठ आठवड्यांवर जाते. निवेदनात या हिशेबाची दोन वाक्ये पुरतात: “चरांचे काम जानेवारी व फेब्रुवारीत २५ मजूर धरून आखले आहे. मार्चमध्ये स्थलांतरित कुटुंबे परतू लागल्यावर मजूर वाढतील, तोवर राहिलेले काम एप्रिलअखेर पूर्ण करता येईल.” मार्च आणि एप्रिल हाच येथे राखीव वेळ आहे. तो पावसाआधी आहे आणि कारणासह लिहिला आहे.

चौथा बदल कामांमधील नाते उघड करण्याचा. गटवार पाहणी नोव्हेंबर ते जानेवारी. खासगी शेतांतील बांधबंदिस्ती फेब्रुवारीपासून, त्यातही गावात राहिलेल्यांची शेते आधी आणि ऊसतोडीहून परतणाऱ्यांची एप्रिल-मेमध्ये. नाल्यातील बंधारे मार्च ते मे, पण एका अटीवर: त्या नाल्याच्या वरच्या क्षेत्रातले ठरवलेले किमान काम झाल्याशिवाय त्या बंधाऱ्याचा पाया खोदायचा नाही. ती अट मार्चअखेर पूर्ण झाली नाही, तर बंधारा दुसऱ्या हंगामात जाईल आणि त्याचा निधीही त्या हंगामाच्या हप्त्यात मागितला जाईल, हे तिथेच लिहायचे. काँक्रीटला पाणी मारण्यासाठी उन्हाळ्यात टँकर लागेल, म्हणून त्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. वेळापत्रकात बंधारा एप्रिलमध्ये आणि अंदाजपत्रकात टँकर नाही, अशी विसंगती अनुभवी तपासनीस लगेच पकडतो. रोपांसाठीचे खड्डे मेमध्ये आणि लागवड जून-जुलैमध्ये, पहिला समाधानकारक पाऊस झाल्यावर.

पाचवा बदल माईलस्टोनच्या व्याख्येचा. ‘ग्रामस्थांमध्ये जागृती’ किंवा ‘चर खोदाई सुरू’ हे माईलस्टोन नव्हेत, कारण ते झाले की नाही यावर वाद होऊ शकतो. ‘समिती निवडीच्या ग्रामसभा ठरावाची प्रत’, ‘नियोजित क्षेत्राच्या ७० टक्के गटधारकांची लेखी संमती’, ‘मेअखेर निवडक २० विहिरींच्या पातळीची नोंद’ हे माईलस्टोन आहेत. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक संस्थेने ते आपल्या गावावरून ठरवावेत. बावीस महिन्यांत असे सात-आठ पुरतात. प्रत्येकासमोर एक पुरावा आणि तो चुकला तर पुढे काय बदलेल याचे एक वाक्य असावे. मेमधली विहिरींची नोंद येथे विशेष महत्त्वाची आहे. पाया मोजण्याची ती एकच संधी असते. ती चुकली, तर वर्षभर परत येत नाही आणि परिणामाचा दावा कशाच्याही आधारावर उभा राहत नाही.

सहावा बदल फेरविचाराच्या तारखांचा. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये एक बैठक ठरवावी. त्यात समिती, संस्था आणि निधी देणारे मिळून पहिल्या हंगामात राहिलेली कामे, फुटलेले बांध आणि गाळ भरलेल्या जागा पाहतील आणि दुसऱ्या हंगामाचा तपशील ठरवतील. असे लिहिल्याने दुसऱ्या वर्षाचा आराखडा ढोबळ का आहे, याचे कारण वाचणाऱ्याला मिळते आणि ‘लवचीकते’वरचा आक्षेपही बराचसा मिटतो.

काय अजून सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न थांबण्याच्या खर्चाचा आहे. वर लिहिलेल्या आराखड्यात जून ते सप्टेंबर या काळात मोठी कामे नाहीत, पण समन्वयक आणि अभियंता यांना सोडून देता येत नाही. बांधांची देखरेख, लागवडीची निगा आणि समितीच्या बैठका याच काळात होतात. काम दिसत नसलेल्या महिन्यांचा पगार द्यायला निधी देणारे नाखूश असतात. परकीय निधी घेणाऱ्या संस्थांसाठी २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. वास्तव वेळापत्रक लांब असते आणि लांब वेळापत्रक महाग असते. हा वाढीव खर्च कोणी उचलायचा, यावर सहमती नाही.

दुसरा प्रश्न स्पर्धेचा. एकाच निधीसाठी एका संस्थेने बारा महिन्यांचा आणि दुसरीने बावीस महिन्यांचा प्रस्ताव दिला, तर कोणता निवडला जाईल? काहींच्या मते आशावादी प्रस्ताव जिंकतात आणि म्हणूनच ते लिहिले जातात. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये असेही मांडले होते, की अडचणी आधी पूर्ण दिसल्या असत्या तर अनेक चांगले प्रकल्प सुरूच झाले नसते. अडचणी समोर आल्यावर माणसे अनपेक्षित मार्ग शोधतात, असे त्यांचे म्हणणे होते. फ्लिव्हब्यर्ग आणि कॅस सन्स्टीन यांनी बऱ्याच काळानंतर प्रकल्पांची आकडेवारी तपासून त्याला विरोध केला आणि कमी लेखलेल्या अडचणी बहुधा नुकसानच करतात, असा निष्कर्ष काढला. पण त्यांची आकडेवारी मोठ्या प्रकल्पांची आहे. एका गावाच्या पाणलोटाला ती किती लागू होते, हा प्रश्न उरतोच.

तिसरा प्रश्न हाताबाहेरच्या अटींचा. माथ्यावरची जमीन वन विभागाच्या ताब्यात असेल, तर परवानगी किती दिवसांत मिळेल हे संस्थेला सांगता येत नाही. निवडणुकीच्या काळात महसूल आणि ग्रामपंचायतीची यंत्रणा दुसऱ्या कामात गुंतते. २०२४ मध्ये लोकसभेची घोषणा १६ मार्चला आणि निकाल ४ जूनला होता, म्हणजे खोदकामाचा जवळजवळ संपूर्ण उन्हाळा त्यात गेला. विधानसभेची घोषणा त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला झाली. अशा अटी गृहीतकांच्या रकान्यात लिहाव्यात, हे सर्वांना मान्य आहे. त्या मोडल्या तर मुदतवाढ आपोआप मिळावी की प्रत्येक वेळी नव्याने मागावी, यावर मात्र निधी देणाऱ्यांचे नियम वेगवेगळे आहेत.

निष्कर्ष

तपशील, लवचीकता आणि पूर्वानुभव या तीन भूमिका एकमेकींच्या विरोधात उभ्या असल्यासारख्या मांडल्या जातात. पाणलोटाच्या कामात त्या एकाच निवेदनात नांदू शकतात: जवळच्या हंगामाचा तपशील, पुढच्या हंगामाची लवचीकता आणि दोन्हींच्या मुळाशी संस्थेच्या स्वतःच्या जुन्या तारखा. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करावी. आपल्या शेवटच्या दोन-तीन प्रकल्पांत ग्रामसभेचा ठराव, पहिला चर आणि शेवटचा बंधारा यांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष तारखा शेजारी लिहून काढाव्यात आणि नव्या प्रस्तावात महिन्यांच्या क्रमांकांऐवजी महिन्यांची नावे घालावीत. निधी देणाऱ्यांनीही आपल्या नमुना अर्जातला ‘महिना १ ते १२’ हा तक्ता काढून तिथे सुरुवातीची अट आणि दोन पावसाळ्यांची जागा द्यावी. तो तक्ता छापलेला असेपर्यंत कोणत्याही संस्थेला खरे वेळापत्रक लिहिणे अवघडच जाणार आहे.